सूत्रसंचालकाची वही

‘सूत्र’ म्हणजे दोरा. समारंभात स्वागत, भाषणे, पारितोषिके, आभार असे अनेक सुटे मणी असतात. त्यांना एका दोऱ्यात ओवून शेवटापर्यंत नीट नेणे हे सूत्रसंचालकाचे काम होय. हा मनुष्य व्यासपीठाच्या एका कडेला उभा राहून बोलतो. त्याच्या हातात एक वही असते आणि त्या वहीत कोणी केव्हा यावयाचे व त्या वेळी आपण काय बोलावयाचे, हे लिहिलेले असते. या लेखनाला संहिता म्हणतात. संहिता लिहिणे फारसे कठीण नाही; ती तपासून, घासूनपुसून ठरलेल्या वेळेत बसविणे मात्र कौशल्याचे आहे. ते कसे करतात, हे एका उदाहरणावरून पाहू.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला अगदी लागून दोडामार्ग हा तालुका आहे. डोंगरउतारावर काजूच्या बागा आहेत आणि काजूबीवर प्रक्रिया करून गर काढणारे कारखानेही या भागात आहेत. अशा एका कारखान्यात वर्षातून एकदा उत्तम काम करणाऱ्या कामगारांना पारितोषिके द्यावयाची आहेत, असे आपण समजू. पारितोषिके आहेत चोवीस. समारंभ दुपारी ४ वाजता सुरू होऊन ५.३० वाजता संपावयाचा आहे. पावणेसहाला कामगारांना गावोगाव पोहोचविणारी गाडी सुटते. ती थांबणार नाही. म्हणजे हाताशी बरोबर ९० मिनिटे आहेत.

संहितेचा पहिला कच्चा खर्डा लिहिणाराने वेळेचा हिशेब असा मांडला : दीपप्रज्वलन व स्वागत ५ मिनिटे, पाहुण्यांचा परिचय व सत्कार ५, प्रास्ताविक १०, प्रमुख पाहुण्यांचे भाषण १५, कामगारांच्या संचाचे गायन १०, अध्यक्षांचे भाषण १०, पारितोषिके प्रत्येकी अर्धा मिनिट म्हणजे १२, आभार ५ आणि राष्ट्रगीत १. बेरीज झाली ७३. कागदावर १७ मिनिटे शिल्लक राहिली आणि लिहिणारा निश्चिंत झाला.

ही निश्चिंतता खोटी आहे. खोटी का, ते पाहण्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे संहिता मनात न वाचता, उभे राहून, मोठ्याने व घड्याळ लावून वाचणे. मनातल्या मनात आपण फार वेगाने वाचतो. सभागृहात शेवटच्या रांगेतील माणसालाही शब्द स्पष्ट कळावा अशा रीतीने बोलू लागलो, तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तुम्ही आपल्या पाठ्यपुस्तकातील शंभर शब्द मोजून असा प्रयोग करून पाहा. प्रत्येकाची गती थोडी निराळी निघेल. ज्याला व्यासपीठावर बोलावयाचे आहे, त्याचीच गती हिशेबात धरावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संहितेत जे लिहिलेले नसते, त्यालाही वेळ लागतो. माणसे उठतात, चालतात, पायऱ्या चढतात, नमस्कार करतात, छायाचित्रासाठी थांबतात, टाळ्या वाजतात. यांतले एकही अक्षर वहीत नसते, पण घड्याळ ते मोजतच असते. दीपप्रज्वलनाचेच पाहा. पाहुणे खुर्चीवरून उठणार, पादत्राणे काढणार, समईपाशी जाणार; वाऱ्याने एखादी वात विझणार, ती पुन्हा लावली जाणार. पाच मिनिटांचे काम आठ मिनिटांवर जाते. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. परंतु सर्वांनी उठून, खुर्च्यांचा आवाज थांबून शांतता होईपर्यंत आणखी वेळ जातो. तेथे दोन मिनिटे धरावी. तीन पाहुण्यांचा परिचय व सत्कार प्रत्येकी दोन मिनिटे म्हटले, तरी सहा मिनिटे होतात. गायनाच्या आधी पेटी, तबला व ध्वनिक्षेपक मांडावयास चार मिनिटे लागतात. म्हणजे दहाची चौदा झाली.

आता पारितोषिकांकडे वळू. एका कामगाराचे नाव व त्याच्या कामाचे वर्णन मिळून चाळीस शब्द असले, तर ते वाचावयास २४ सेकंद लागतात. मागच्या रांगेतून उठून व्यासपीठावर येण्यास २० सेकंद, पारितोषिक घेऊन छायाचित्र होईपर्यंत १५ सेकंद आणि खाली उतरण्यास १० सेकंद. एकूण ६९ सेकंद झाले. याला चोविसाने गुणले, की २७ मिनिटे ३६ सेकंद होतात, अठ्ठावीसच धरू. खर्ड्यात मात्र यासाठी बारा मिनिटे होती. नव्या आकड्यांची बेरीज केली तर ९८ मिनिटे होतात, आणि तीही सर्व वक्त्यांनी आपापली वेळ पाळली तरच.

असा कार्यक्रम तसाच रंगमंचावर नेला, तर काय घडेल? सुरुवातीला कोणाला घाई जाणवणार नाही. भाषणे सावकाश होतील. खर्ड्यात पारितोषिके शेवटी होती. त्यांच्यापर्यंत येता येता पाच वाजून दहा मिनिटे होतील आणि व्यवस्थापक घड्याळाकडे पाहू लागतील. मग सूत्रसंचालकाला कोणीतरी चिठ्ठी पाठवील : ‘वर्णने गाळा, फक्त नावे वाचा.’ थोड्या वेळाने दुसरी चिठ्ठी येईल : ‘उरलेल्या आठ जणांना एकदमच बोलवा.’ वर्षभर ज्यांनी मान खाली घालून काम केले, ज्यांच्यासाठी हा समारंभ भरविला, त्यांच्याच वाट्याला तो घाईघाईने येईल. वेळेची चूक लिहिणाराने केली, पण तिची किंमत यादीतील शेवटच्या माणसाने मोजली. म्हणून संहिता तपासणाराने पहिला प्रश्न हा विचारावा : वेळ कमी पडला, तर कात्री कोणावर चालेल?

या प्रश्नाच्या उत्तरातूनच कार्यक्रमाचा क्रम बदलतो. पारितोषिके भाषणांच्या आधी घ्यावी. मग उशीर झालाच, तर भाषण दोन मिनिटांनी आवरते घेता येते. ज्याने गौरवाचा मान मिळविला आहे, त्याचा क्षण मात्र कापला जात नाही. गायन अगदी आरंभी घ्यावे. त्याची वाद्ये लोक येण्यापूर्वीच मांडून ठेवता येतात, त्यामुळे मांडामांडीची चार मिनिटे वाचतात. शिवाय दुरून येणारे पाहुणे थोडे उशिरा पोहोचले, तरी सभागृह रिकामे बसून राहत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे दोन कामे एकाच वेळी होऊ देणे. चोवीस कामगारांना व्यासपीठाच्या पायऱ्यांजवळच्या दोन रांगांत, यादीच्या क्रमाने बसवावे. सूत्रसंचालकाने प्रथम नाव उच्चारावे आणि नंतर वर्णन वाचावे. वर्णन चालू असतानाच तो कामगार उठून पाहुण्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून चालण्याचे वीस सेकंद वेगळे लागत नाहीत. तो एका बाजूच्या पायऱ्यांनी चढतो व दुसऱ्या बाजूने उतरतो. त्यामुळे तो उतरत असताना पुढचे नाव घेता येते. आता एका पारितोषिकाला वर्णनाचे २४, छायाचित्राचे १५ आणि टाळ्यांचे ६ असे ४५ सेकंद पुरतात. चोवीस पारितोषिके बरोबर १८ मिनिटांत होतात. कोणालाही घाई न करता दहा मिनिटे वाचली.

येथे एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. व्यासपीठाला एकच जिना असेल, तर चढणारा व उतरणारा यांची गाठ पडते आणि हा हिशेब कोलमडतो. म्हणून आदल्या दिवशी प्रत्यक्ष जागेवर जाऊन दोन-चार जणांना चालावयास लावावे व घड्याळ पाहावे. कागदावरच्या आकड्यापेक्षा पायऱ्यांवरचा आकडा खरा मानावा.

आता सांध्यांचा विचार करू. कच्च्या संहितेत बहुधा प्रत्येक वाक्य ‘यानंतर’ किंवा ‘आता मी विनंती करतो’ अशा शब्दांनी सुरू होते. दहा वेळा ‘यानंतर’ ऐकले, की श्रोत्याला कार्यक्रम ऐकत नसून यादी ऐकत आहोत असे वाटू लागते. काही सूत्रसंचालक हा दोष टाळण्यासाठी दोन कार्यक्रमांच्या मध्ये सुभाषिते घालतात, किंवा नुकत्याच झालेल्या भाषणाचा सारांश पुन्हा सांगत बसतात. त्याने सांधा जुळत नाही. नुसता वेळ जातो. चांगला सांधा मागच्या गोष्टीतील एक धागा उचलतो आणि पुढच्या गोष्टीच्या हाती देतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ते वाक्य तेथून उचलून कार्यक्रमात दुसऱ्या कोठेही ठेवून पाहावे. ते तेथेही बसत असेल, तर तो सांधाच नव्हे.

सिंधुदुर्गातील मुलांनी सांधा कसा असतो, हे जत्रेतील दशावतारी नाटकात पाहिलेले असते. त्या नाटकाचे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते आणि नट आपले संवाद आयत्या वेळी रचतात. तरीही नाटक मध्येच तुटत नाही, कारण एका बाजूला पेटी, पखवाज व झांज घेऊन गाणारे साथीदार बसलेले असतात. एक पात्र आत जाते, दुसरे बाहेर येते, तेवढ्यात गाण्याचा सूर कथेचा धागा धरून ठेवतो. सूत्रसंचालकाचे बोलणेही असेच असावे : माणसे हलत असताना धागा न तुटू देणारे. फरक एवढाच, की दशावताराला रात्र मोकळी असते आणि आपल्याजवळ नव्वदच मिनिटे आहेत.

आपल्या कारखान्याच्या संहितेत हे सांधे कोठून आणावयाचे? ते कामातच दडलेले आहेत. चोवीस नावे वर्णानुक्रमाने वाचण्याऐवजी काजूबीचा जो प्रवास होतो, त्याच क्रमाने विभाग घ्यावे. बी प्रथम उन्हात वाळविली जाते, मग वाफविली जाते, मग फोडली जाते, आतला गर सुकविला जातो, त्याची तांबूस साल काढतात आणि शेवटी प्रत पाहून तो डब्यात किंवा पिशवीत भरतात. असे सहा विभाग झाले; प्रत्येकात चार पारितोषिके. आता प्रत्येक नावापूर्वी सांधा नको. एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना मात्र एकेक वाक्य हवे. म्हणजे मध्ये पाचच वाक्ये.

वाफविण्याच्या विभागाकडून फोडण्याच्या विभागाकडे जाताना सूत्रसंचालक म्हणेल : ‘वाफेने टरफल सैल होते, पण त्यातले तेल तसेच असते आणि ते कातडीला लागले तर भाजते, आता भेटू या, त्या टरफलातून गर अलगद बाहेर काढणाऱ्या हातांना.’ साल काढण्याकडून प्रतवारीकडे जाताना तो म्हणेल : ‘एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस अखंड गर बसले, तर त्या प्रतीला तीनशे वीस म्हणतात. हा हिशेब नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या चौघी आता येत आहेत.’ अशा वाक्याने पाहुण्यांना काम समजते, कामगारांना आपले काम ओळखीचे वाटते, आणि तेवढ्यात पुढची चार माणसे पायऱ्यांपाशी येऊन उभी राहतात. प्रत्येक वाक्याला दहा-बारा सेकंद, म्हणजे पाच वाक्यांना एक मिनिट लागेल. पारितोषिकांसाठी म्हणून १९ मिनिटे धरावी.

हाच न्याय वर्णनांनाही लागू आहे. खर्ड्यात एका कामगार भगिनीविषयी असे लिहिले होते : ‘अत्यंत कष्टाळू, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि सदैव हसतमुख असणाऱ्या आपल्या आदर्श सहकारी.’ हे वर्णन चोवीस जणांपैकी कोणालाही चिकटवता येते, म्हणून ते कोणाचेच नाही. त्या विभागातील मुकादमाला विचारले, तेव्हा वर्णन असे झाले : ‘साल काढताना गराला सुरीचे टोक लागले, की त्याचे दोन तुकडे होतात आणि त्याची किंमत उतरते. या भगिनींच्या टोपलीत वर्षभर अखंड गराचे प्रमाण विभागात सर्वांत अधिक राहिले. नव्याने आलेल्या सात जणींना सुरी कशी धरावी, हेही त्यांनीच शिकविले.’ नाव धरून हे चाळीसच्या आतबाहेर शब्द झाले. वेळ तेवढाच लागला, पण माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला.

नावांबद्दलही दक्षता हवी. एकाच गावाकडच्या कामगारांत एकच आडनाव, कधीकधी पूर्ण नावही सारखेच असते. अशा वेळी गावाचे नाव जोडावे, म्हणजे दोघे जण एकदम उठणार नाहीत. कोणते नाव कसे उच्चारतात, हे त्या व्यक्तीलाच विचारून वहीत तसेच लिहून ठेवावे. प्रत्येक पारितोषिकासाठी वेगळे जाड कार्ड करावे आणि त्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत पारितोषिकाचे नाव लिहावे. ही गोष्ट क्षुल्लक नाही. २०१७ साली अमेरिकेतील ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाची घोषणा करणारांच्या हाती दुसऱ्याच पारितोषिकाचा लिफाफा गेला. आतल्या कार्डावर पारितोषिकाचे नाव बारीक अक्षरांत, अगदी तळाशी छापलेले होते. ते कोणाच्या ध्यानात आले नाही आणि भलत्याच चित्रपटाचे नाव जाहीर झाले. आभाराची भाषणे सुरू झाल्यावर चूक उघड झाली आणि खऱ्या विजेत्यांना नंतर बोलवावे लागले.

आता नव्या संहितेचा हिशेब करू. गायन १०, दीपप्रज्वलन व स्वागत ८, परिचय व सत्कार ६, प्रास्ताविक १०, पारितोषिके १९, पाहुण्यांचे भाषण १५, अध्यक्षांचे भाषण १०, आभार ५, राष्ट्रगीत २. बेरीज ८५. पाच मिनिटे शिल्लक राहिली. ही पाच मिनिटे कोणालाही वाटून देऊ नयेत. वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला, पाहुण्यांचे भाषण लांबले, तर तीच उपयोगी पडतात. काही घडले नाही, तर समारंभ पाच मिनिटे आधी संपेल आणि त्याबद्दल कोणीही तक्रार करणार नाही.

वहीच्या समासात तीन वेळा ठळक लिहून ठेवाव्या : ४.३४ ला पारितोषिके सुरू, ४.५३ ला पाहुण्यांचे भाषण, ५.१८ ला आभार. कार्यक्रम चालू असताना सूत्रसंचालक फक्त या तीन ठिकाणी घड्याळ पाहतो. चार वाजून चौतीस मिनिटांऐवजी अडतीस झाली असतील, तर चार मिनिटे मागे पडलो, हे त्याला तेथेच कळते. शेवटी कळून उपयोग नसतो. म्हणून वहीत काही ओळी आधीच कंसात घातलेल्या असतात. उशीर झाला, तर त्या गाळावयाच्या. कंसात काय घालावे? आपल्या स्वागतपर बोलण्यातील विशेषणे, पाहुण्यांच्या परिचयातील जुनी पदे, आभारातील पुनरुक्ती. वक्त्यांनाही त्यांची वेळ आदल्या दिवशीच कळवावी आणि भाषण संपावयास दोन मिनिटे असताना एक लहान चिठ्ठी पुढे ठेवण्याची परवानगी त्यांच्याकडून घ्यावी. परवानगी आधी घेतलेली असली, की चिठ्ठीचा अपमान वाटत नाही. कंसात घालावयाची नाही अशी एकच गोष्ट आहे : कामगारांची वर्णने.

अशी संहिता हाती असली, म्हणजे प्रतवारी विभागातील चौथ्या, म्हणजे यादीतील चोविसाव्या भगिनीची पाळी पाच वाजण्याच्या आत येते. तिचे नाव गावासह पूर्ण उच्चारले जाते, तिच्या कामाचे वर्णन सावकाश वाचले जाते, आणि पहिल्या माणसाला मिळाले तेवढेच पंचेचाळीस सेकंद तिलाही मिळतात. पाऊण तासाने ती गाडीत बसते, तेव्हा पारितोषिक तिच्या मांडीवर असते आणि गाडी वेळेवर सुटलेली असते.